दहावी क चा जोडतास

मंजुळा पागधरे यांनी बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक केलं आणि बावीस वर्षं सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. गणिताच्या बाई म्हणून हे काम गळ्यात पडलं होतं. गणित सोपं, माणसं अवघड, असं त्या म्हणत.

कुंभवलीच्या त्या शाळेत आठवी ते दहावी नऊ तुकड्या, पण वर्गखोल्या आठ. म्हणजे प्रत्येक तासाला एक तुकडी खोलीबाहेर असलीच पाहिजे, एकतर मैदानावर, नाहीतर प्रयोगशाळेत. आठवड्याचे पंचेचाळीस तास. तुकडीमागे खेळाचे तीन तास, त्यांचे सत्तावीस झाले. प्रयोगाचा एक जोडतास, म्हणजे सलग दोन तास, त्यांचे अठरा. बेरीज बरोबर पंचेचाळीस. एक तास इकडचा तिकडे केला की दोन तुकड्या एकाच दारात उभ्या. त्यात प्रयोग घेणारे निमेश सर तासिकेवरचे. सोमवार, बुधवार, शुक्रवार एवढेच येणार. या तीन दिवसांत रोज तीन जोडतास, आणि मधली सुट्टी जोडतासाच्या मधे येता कामा नये. वर चिंचणीहून येणाऱ्या शिक्षकांना पहिला तास नको आणि शेवटचा तर कुणालाच नको!

शाळेची एक रीत होती. वेळापत्रक पंधरा दिवस पेन्सिलीत राहायचं, मग शाईत. त्या पंधरा दिवसांत ज्याचं वजन जास्त त्याचं खोडरबर चाले.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मुख्याध्यापक राऊत सरांनी दहावी क चा जोडतास खोडून दहावी अ ला दुसरा दिला. ‘अ मधली पोरं बोर्डात चमकतील. क वाल्यांना वाचनाचा तास द्या. तात्पुरतं हो, बाई.’ मंजुळाबाईंनी तसंच शाईत उतरवलं. ते तात्पुरतं मार्चपर्यंत टिकलं आणि पुढच्या वर्षीही तसंच राहिलं. क मध्ये डोंगरपाड्यांवरची आणि कारखान्यांतल्या मजुरांची मुलं. त्यांनी प्रयोगवह्या अ च्या वह्यांवरून उतरवल्या, प्रात्यक्षिकाचे गुणही मिळाले. पहिल्या वर्षीची कमळी हौसेनं अकरावी विज्ञानाला गेली आणि दिवाळीत शाळा सोडून आली. ‘बाई, सगले हसतात. मना प्रयोगाचा दिवा पन पेटवता येत नाय.’ बाईंना ते जिव्हारी लागलं. कमळीचं वर्ष आपण घालवलं, राऊत सरांनी नव्हे, असं त्या स्वतःला सुनावत राहिल्या.

यंदा त्यांनी पहिल्याच दिवशी वेळापत्रक निळ्या शाईत लिहून शिक्षकखोलीत टांगलं. दहावी क, बुधवार, पाचवा-सहावा तास, प्रयोगशाळा.

राऊत सर खवळले. ‘पेन्सिल संपली का शाळेतली?’

‘नाही सर, माझा धीर संपला.’

‘अ ला दुसरा जोडतास हवाय. क चा काढा. खोल्यांचा हिशेब बसतो, मी पाहिलाय.’

‘बसतो. मी बसवणार नाही.’

सरांनी मग तोंडी हुकूम सोडला. बुधवारी मधली सुट्टी संपली आणि शिपाई दहावी अ ला प्रयोगशाळेकडे घेऊन निघाला. मंजुळाबाईंनी ते ओळखलं होतं. बुधवारचे ते दोन तास त्यांचे ऑफ होते. आठवड्यातले तेवढेच सलग. वह्या तपासायला मुद्दाम राखलेले. डबा अर्धा टाकून त्या दहावी क ला घेऊन आधीच आत पोचल्या होत्या. निमेश सर बिचारे टेबलाशी उभे, नोकरी वर्षावर्षाची, म्हणून मान खाली घालून परीक्षानळ्या पुसत होते.

राऊत सर स्वतः आले. ‘बाई, ही पोरं बाहेर काढा. नळ्या फोडतील. भरपाई कोण देणार?’

‘अ वाल्यांनी गेल्या वर्षी अकरा फोडल्या, सर. कुणाला बाहेर काढलं नव्हतं. क वाल्यांनी एकही फोडलेली नाही. हात लावायला मिळाला असता तर फोडली असती.’

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सरांचा चेहरा लाल झाला. ‘पुढच्या वर्षी वेळापत्रक तुमच्याकडे राहणार नाही. वर्गही संस्थेच्या पाचवी-सहावीच्या शाखेत देईन. चालेल?’

दहावीचं गणित हा बाईंचा जीव होता, आणि सर बोलले ते करणारे होते.

‘द्या,’ त्या म्हणाल्या. ‘लेखी द्या. कारणही लिहा, की दहावी क ला प्रयोगशाळेत बसवलं म्हणून.’

सर अ च्या मुलांना ‘चला वर्गात’ म्हणाले आणि पाय आपटत गेले.

आतली मुलं मात्र टेबलापासून हातभर लांब, अंग चोरून उभी. पुढे उभ्या सपनाने हातातली काडेपेटी परत टेबलावर ठेवली. ‘बाई, सर रागावलं. आमी जाव का?’

‘कुठं जाशील? हा तास तुमचा हाय,’ मंजुळाबाई म्हणाल्या. ‘वढ काडी.’

पहिली काडी विझली. दुसरी मोडली. तिसरीला स्पिरिटचा दिवा पेटला, आणि चाळीस मुलं एकदम टेबलाकडे सरकली.