डेमोआधीचे प्रश्न

ऑफिसात तिला सगळे अक्काच म्हणायचे, तिच्याहून मोठा असलेला साहेबसुद्धा. मोठ्या कंपनीचं कारखान्यांसाठीचं सॉफ्टवेअर ही मंडळी मध्यम कारखान्यांना विकायची. म्हणजे विकायची कमी आणि डेमो दाखवायची जास्त. बघायला काय जातं हो कुणाचं! लोक तासभर मान डोलवायचे, "कळवतो" म्हणायचे आणि मग फोन उचलायचे नाहीत.

शेवटी साहेब वैतागला. "अक्का, पहिल्या फोनवर काय काय विचारायचं ते एकदा ठरवून टाक. पोरं उगाच कुणाच्याही मागे धावतात."

अक्कानं मन लावून चेकलिस्ट केली. माल ऑर्डर आल्यावर बनवता की आधीच बनवून ठेवता? एका वस्तूला कोणते सुटे भाग लागतात, ते कुठे लिहिलंय? स्टोअरचा आकडा आणि प्रत्यक्षातला माल जुळतो का? निर्णय कोण घेणार, आणि त्यांना या फोनची कल्पना आहे का? सगळ्यात शेवटी तिचा लाडका प्रश्न: वर्षभर काहीच बदललं नाही, तर काय होईल? तो विचारला की आपण तोंड उघडायचं नाही, समोरच्याला बोलू द्यायचं. आणि जमणार नसेल तर त्याच फोनवर स्पष्ट नाही म्हणायचं, डेमो द्यायचा नाही. कुणाला आशेला लावून ठेवणं तिला पाप वाटायचं.

"तुझा भाऊ व्हॉल्व्हच्या कारखान्यात आहे ना? त्याच्यावरच करून बघ," साहेब म्हणाला.

भाऊ तिथे उत्पादनाचा प्रमुख होता. वडिलांनी आयुष्यभर त्याच कारखान्यात लेथ चालवली होती आणि मुलाला तिथेच चिकटवलं होतं. सॉफ्टवेअर बघायचंय म्हणून तो कधीचा अक्काच्या मागे लागला होता. तिलाही वाटायचं, भावाचं काम आपल्या हातून मार्गी लागावं.

साहेब शेजारी बसला. स्पीकरवर भाऊ धडाधड बोलत होता. माल ऑर्डरप्रमाणेच बनतो. सुट्या भागांची यादी अर्धी एक्सेलमध्ये, अर्धी फोरमनच्या डोक्यात. स्टोअर सांगतं गास्केट आहेत, सांध्यात बसवायच्या त्या चकत्या. जोडणीला बसलं की एक सापडत नाही, आणि ऑर्डर रखडते. साहेबानं अंगठा वर केला. असं गिऱ्हाईक लाखात एक!

"मालकांना या फोनची कल्पना आहे?"

"सांगेन ना मी. आधी तू पुढचं विचार."

म्हणजे मालकांना पत्ताच नव्हता. तरी तिनं शेवटचा प्रश्न विचारला, वर्षभर काहीच बदललं नाही तर काय होईल, आणि ठरल्याप्रमाणे गप्प राहिली.

फोनमध्ये पाठीमागे कुठेतरी ग्राइंडर चालू होता.

"ताई, काही म्हण ना गं," तो म्हणाला. कशाला केला होता मेला तो नियम!

"मालकांनी कारखाना विकलाय, सहीसुद्धा झाली," शेवटी तो म्हणाला. "सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं, उशिराला कंटाळून. मशिनंसुद्धा जाणार. मला वाटलं, उशीर का होतो आणि तो कसा थांबेल ते दाखवलं, तर मालक अजून मागे फिरतील. बाबांना बोलू नकोस."

साहेबानं हलकेच मान हलवली आणि बाहेर गेला. शहाणा माणूस.

"नाही जमणार रे," अक्का म्हणाली. "सही झाल्यावर कोण मागे फिरतंय, सांग."

"माहितीये मला. डेमो तरी दाखव. मालकांना नको, मलाच."

स्वतःचा नियम स्वतःच मोडला तिनं. सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप घेऊन ती माहेरी गेली. त्याच्याच व्हॉल्व्हची नावं, त्याचेच सुटे भाग तिनं आधी भरून ठेवले होते. गेलेल्या गिऱ्हाइकाची शेवटची ऑर्डर त्यानं स्वतः टाकली, ती आली होती त्या दिवसाचीच तारीख घालून. स्क्रीनवर लगेच लाल ओळ आली: गास्केट कमी. खरेदी आजच करा. त्याखाली माल पाठवायची तारीख आली. गिऱ्हाइकानं मागितली होती, त्या तारखेच्याही आधीची.

भावानं त्या तारखेवर बोट ठेवलं.

"एवढंच होतं होय गं?" तो म्हणाला, आणि एवढा मोठा बाप्या तोंडावर हात दाबून रडायला लागला.

आतून बाबांनी हाक मारली, "काय रे, काय चाललंय?"

"कारखान्याचं काम, बाबा," अक्का म्हणाली.

"करा, करा," बाबा खूश होऊन म्हणाले. "मालकाला सांग म्हणावं, अख्खं घर राबतंय तुमच्यासाठी."