सहासष्टचा हिशोब

वेल्डिंग शाळेतल्या मास्तरांना जगात दोन गोष्टी डोळ्यांसमोर नको असत: ओला रॉड आणि स्वतःचा जावई. ओला रॉड निदान भट्टीत सुकवता तरी येतो, असं ते चारचौघांत म्हणत. जावई ऐकत असला, तर जरा मोठ्यानं म्हणत.

पोरीनं पळून जाऊन लग्न केलं, वर्षभरात याची नोकरी गेली आणि दोघं बोचकं घेऊन मास्तरांच्याच दारात हजर. मागची खोली द्यावी लागली. कामधंदा तरी शिकू दे म्हणून पोरीनं त्याला बापाच्याच शाळेत घातलं. कहर म्हणजे त्याचा हात चांगला होता. मास्तरांना ते दिसत होतं, पण कबूल करतील तर शपथ.

जहाज कारखान्याची अट सरळ होती. शंभर-शंभर मार्कांच्या पाच परीक्षा, पाचांची सरासरी साठ. तेवढी पडली की नोकरी पक्की, वर राहायला दोन खोल्या. जावयाच्या चार लेखी झाल्या होत्या: बावन्न, अठ्ठावन्न, एकोणपन्नास, सत्तावन्न. सरासरी चोपन्न. उरली फक्त शेवटची, प्रत्यक्ष कामाची.

शेवटच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी जेवताना जावई बोटांवर मोजत म्हणाला, "चोपन्नला सहा कमी पडतात ना साठाला? मग या वेळी सहा जास्त काढायचे. सहासष्ट. चोपन्न आणि सहासष्टचा मध्य बरोब्बर साठ. काय मामा?"

मास्तरांचा घास हातातच राहिला. अरे गाढवा! चोपन्न काय एका परीक्षेचे आहेत? चार परीक्षांचे आहेत! प्रत्येकीत सहा कमी, म्हणजे चोवीस मागे. ते सगळे एकट्या शेवटच्या परीक्षेनं भरून काढायचे. साठ आणि चोवीस, चौऱ्याऐंशी. हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं होतं.

"काय मामा, बरोबर ना?" त्यानं पुन्हा विचारलं.

मास्तरांनी तोंडात गुळणी धरली. आपटू दे एकदा तोंडावर, म्हणजे पोरीचे डोळे उघडतील. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि पोरीला म्हणाले, "भात वाढ गं."

परीक्षेला परीक्षक बाहेरून आला होता. चार जोड, प्रत्येकी पंचवीस मार्क. शेवटचा डोक्यावर प्लेट टांगून, खालून वर वेल्डिंग करायचा. वितळलेलं लोखंड अंगावर टपकतं, हात थरथरला की जोड गेला. जोड वाया गेला तर त्याचं शून्य, वर आधीच्या मार्कांतून दहा कापायचे. हात लावलाच नाही तर कापाकापी नाही.

जावयाचे पहिले तीन जोड असे उतरले, की परीक्षकानं बोट फिरवून मान डोलावली. चौथ्या प्लेटखाली तो क्षणभर उभा राहिला. मग मुखवटा काढला, घाम पुसला आणि म्हणाला, "तिघांत सत्तरच्या घरात जातोय साहेब. मला सहासष्ट पुरे. उगाच कापून कशाला घेऊ?"

मास्तर चार हातांवर उभे होते. गेल्याच आठवड्यात त्यानं असाच जोड लावलेला त्यांनी पाहिला होता, वीस तरी हसत मिळाले असते. बोलायची ती शेवटची वेळ होती. मास्तर चष्मा पुसत राहिले.

निकाल लागला. एकोणसत्तर. एकूण दोनशे पंच्याऐंशी, सरासरी सत्तावन्न. कारखान्यानं नकार कळवला. पुढची भरती थेट वर्षानं.

जावई घरी येऊन मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला. मास्तर मात्र ओसरीवर ऐसपैस बसले. पोर बाहेर आली तशी त्यांनी आवाज चढवला, "चौऱ्याऐंशी हवे होते! साधी सरासरी येत नाही तुझ्या नवऱ्याला. पाहिलंस ना आता, कुणाच्या गळ्यात माळ घातलीस ते?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"न ठाऊक असायला काय झालं? पंचवीस वर्षं हेच करतोय."

"जेवताना ठाऊक होतं?"

मास्तरांनी पुन्हा चष्मा काढून पुसायला घेतला.

"त्याला गणित येत नाही, हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे बाबा," पोर म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्याचीच मास्तरांना भीती वाटली. "त्यालाही माहीत आहे. म्हणून तर ताटावर बसून दोनदा विचारलं त्यानं. एवढ्या घरात ज्याला येतं, त्यालाच विचारलं."

ती आत गेली. मागच्या खोलीचं दार लागलं. पुढचं वर्ष तिघं एकाच घरात राहिले, आणि मास्तर एकटे जेवले.