काय गेलं ते सांगा

वहिनीला कोणी विचारलं, तुम्ही काय करता, तर ती म्हणते, "दुकानात बसते." बसते कसली! मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप दुरुस्त करायचं आमचं दुकान तिच्याच जिवावर चालतं. पान्हे-पक्कड दादाच्या हातात आणि बाकीचा सगळा व्याप वहिनीच्या गळ्यात, अशी त्या दोघांची वाटणी होती. मग माझा हा थोरला भाऊ झोपेतच वारला, आणि सगळे पाहुणे परतायच्या आधीच वहिनीने शटर वर केलं.

ती रडली नाही. नातेवाईक म्हणाले, धीराची आहे. धीर कसला डोंबलाचा! दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, तशी ती आतून बधिर झाली होती. चहा पुढे ठेवला तर पीत होती, नाही ठेवला तर मागत नव्हती.

गिऱ्हाइकांना तिने काहीच सांगितलं नव्हतं. दुकानाच्या चॅटवर लोक "दादा" म्हणून मेसेज टाकत आणि ती दादा होऊन उत्तरं देई. "त्यांना कळलं तर कोण येणार आहे इथे?" एवढंच ती म्हणायची.

पण मेसेज म्हणजे कोडी. "परत तेच." "आवाज येतोय." "गेला." दादाला कोण काय म्हणतंय ते नावावरून कळायचं. वहिनीला कळेना. आमचा म्हातारा मेकॅनिक पंपाचं सामान खांद्यावर टाकून एका घरी गेला, तर तिथे पंखा बंद. तो परत आला तो फणफणतच.

म्हणून तिने मला बोलावलं. एका कंपनीच्या मदतकेंद्रासाठी मशीनने लोकांशी काय बोलावं ते लिहिणं, ही माझी नोकरी. दुकानाच्या चॅटवरही मशीननेच उत्तर द्यावं असं ठरलं, आणि मी ऐटीत पहिला मसुदा लिहिला: आपला संदेश अपूर्ण आहे, कृपया संपूर्ण तपशील द्यावा.

"ही काय कोर्टाची नोटीस आहे?" वहिनी म्हणाली. "लिही, काय गेलं ते सांगा, म्हणजे बघतो."

"बघतो? वहिनी, लोकांना वाटेल दादाच बोलतोय."

"वाटू दे."

मला राग आला होता, पण त्या चेहऱ्याशी भांडणार कसं? लिहिलं.

लोक एकच गोष्ट चार तुकड्यांत पाठवतात, म्हणून शेवटच्या तुकड्यानंतर मशीनने जरा थांबायचं ठरवलं. मेसेजमध्ये वस्तूचं नाव असेल तर ते पुन्हा विचारायचं नाही. एका वेळी एकच प्रश्न. दोनदा विचारूनही उमगलं नाही, तर मशीनने गप्प बसायचं आणि वहिनीच्या फोनवर घंटी वाजवायची. शेवटी मशीनने बिघाड ओळखायच्या शब्दांची यादी: गेला, गेली, गेलं. पंखे दोन असले तर लोक "गेले" लिहितात, हे मलाच सुचलं आणि मी स्वतःवर खूश झालो.

उत्तर झकास चालू लागलं. मेकॅनिकचा पारा उतरला. वहिनी "बरं झालं" म्हणाली, पण हवा बरी आहे म्हणावं तशी.

एका दुपारी मी काउंटरवर बसून कालची उत्तरं तपासत होतो आणि वहिनीच्या फोनवरची घंटी वाजली. लांब राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. पंखा दादाकडे, मिक्सर दादाकडे, सुनेची तक्रारही दादाकडेच. त्यांचा मेसेज होता: "दादा गेले?"

यादीत "गेले" होतं. वस्तूंच्या नावांत दादा नव्हता.

मशीनने विचारलं होतं, "काय गेलं ते सांगा, म्हणजे बघतो. १ मिक्सर, २ पंखा, ३ पंप, ४ दुसरं काही."

बाईंनी लिहिलं होतं, "४".

"काय झालंय ते थोडक्यात सांगा. फोटो असेल तर पाठवा."

त्यावर बाईंचं उत्तर: "म्हणजे तुम्हीच बोलताय ना? बाजारात एकाने भलतंच काहीतरी सांगितलं हो. जिवात जीव आला बघा. तब्येतीला जपा."

इथे मशीन गप्प झालं होतं आणि वहिनीचा फोन वाजला होता. तिने ते सगळं वाचलं, मग पुन्हा वरून वाचलं. मी फोनसाठी हात पुढे केला.

"दे, मी लिहितो काहीतरी," मी म्हणालो.

"तू नको."

ती उभ्यानेच लिहू लागली. मी शेजारून बघत होतो. "बाई, आधी बोलले ते दादा नव्हते, मशीन होतं. मी वहिनी. तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. दादा गेले." शेवटच्या शब्दावर तिचा अंगठा थांबला. तो शब्द तिने कोणापुढे उच्चारलाच नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मग तिने पाठवून दिलं.

बाई टाइप करताना दिसायच्या, थांबायच्या, पुन्हा दिसायच्या. बऱ्याच वेळाने उत्तर आलं.

"अगं"

पुढे काही नाही. वहिनीने पुढच्याची वाट पाहिली नाही. स्टुलावर बसली, तोंडाला पदर लावला आणि रडायला लागली.