मागच्या दोन खोल्यांचं वार्षिक भाडं

मुलांनो, पुढच्या आठवड्यात महापालिकेची माणसं आपलं घर पुन्हा मोजायला येणार आहेत. तुमच्या बाबाने फोनवर सांगितलं, "आई, तू काही बोलू नकोस, मी ऑनलाइन बघतो." मी बोलणार नाही. पण हे घर यापूर्वी एकदा मोजलं गेलं होतं, तेव्हा फॉर्म मी भरला होता, आणि त्या फॉर्मामुळे तुमच्या पणजीला हे घर सोडावं लागणार होतं. ते तुम्हाला माहीत असावं. तुम्ही तिला फक्त फोटोत पाहिलं आहे.

नगरपालिकेची महानगरपालिका झाली, त्यानंतरच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. सगळ्या शहराची घरपट्टी नव्याने ठरत होती. तुमचे आजोबा चिकलठाण्याच्या कारखान्यात होते, पण पाठीचं ऑपरेशन झाल्यामुळे बिनपगारी रजेवर घरी पडून होते. मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत होते. माझा पगार महिन्याला नऊशेच्या आसपास, आणि त्यात आम्ही पाच माणसं.

घर तुम्ही पाहिलंच आहे. पुढे तीन खोल्या, मधे अंगण, मागे दोन खोल्या. मागच्या खोल्यांना बोळात उघडणारं स्वतंत्र दार आहे. तिथे सासूबाई, म्हणजे तुमची पणजी, राहायच्या. त्यांचा स्वयंपाक सोवळ्यातला, मी शाळेतून दहा ठिकाणी शिवून यायची, म्हणून त्यांनी मागे वेगळी चूल मांडलेली. भांडण म्हणून नाही. रोज त्यांच्या चुलीवरची भाकरी अंगण ओलांडून आमच्याकडे यायची, फक्त मी तिकडे जायचं नाही.

महापालिकेचा फॉर्म आला तेव्हा मी तो शाळेतल्या हजेरीपटासारखा भरला. मालक : यांचं नाव. सासरे गेल्यावर घरपट्टी यांच्या नावावर करून घेण्याचा अर्ज मीच लिहिला होता, तेव्हा त्यात मला शंका नव्हती. खोल्या : पाच. स्वयंपाकघरं : दोन. शेवटी 'शेरा' असा रकाना होता. तो रिकामा सोडणं मला जड गेलं. त्यात मी लिहिलं, 'मागील दोन खोल्यांत सासूबाई राहतात. त्यांची चूल व प्रवेशद्वार स्वतंत्र आहे.' सही करण्याआधी मी तो फॉर्म सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्या निवडतच राहिल्या.

दोन महिन्यांनी नोटीस आली. पुढच्या तीन खोल्या 'मालकाच्या वापरात', दर खोलीला महिना शंभर रुपये वाजवी भाडं. मागच्या दोन 'भाडेकरू', दर खोलीला तीनशे. महिन्याचे झाले नऊशे, वर्षाचे दहा हजार आठशे. त्यातून दुरुस्तीपोटी दहावा हिस्सा वजा, उरले नऊ हजार सातशे वीस. हे करयोग्य मूल्य. त्यावर सगळे कर मिळून शेकडा पंचवीस, म्हणजे दोन हजार चारशे तीस. हरकत असेल तर दिलेल्या मुदतीत लेखी द्यावी आणि सुनावणीला हजर राहावं.

मी कागदाच्या मागच्या बाजूला दुसरा हिशेब मांडला. पाचही खोल्या मालकाच्या वापरात धरल्या तर महिना पाचशे, वर्षाचे सहा हजार, दहावा हिस्सा जाऊन पाच हजार चारशे, कर तेराशे पन्नास. फरक एक हजार ऐंशीचा. माझ्या पगाराच्या एका महिन्याहून जास्त, आणि तो दर वर्षी.

धाकटे दीर परभणीला असत. ते त्या रविवारी भावाला बघायला आले. नोटीस वाचून हसले.

"वहिनी, तुमचं अक्षर लई सुंदर. साहेबाला वाचायला काहीच तरास झाला नसंल."

"भाऊजी, थट्टा नको."

"थट्टा नाही. भाडेकरू लिहिलाच आहे, तर ठेवूनच टाका. बोळातलं दार वेगळं, क्रांती चौक चालत दहा मिनिटं. सहाशे रुपये कुठं गेले नाहीत. आईला मी नेतो परभणीला."

हे अंथरुणावरून छताकडे बघत होते. ते म्हणाले, "आईला विचारायला पाहिजे." पण विचारलं कोणीच नाही. मीही नाही. खरं सांगायचं तर दुपारभर मी मनात सहाशे रुपयांची बेरीज करत होते. डॉक्टर, थोरल्याची फी, किराणा. संध्याकाळी दीर निघताना सासूबाईंनी त्यांच्यासाठी दशम्या बांधून दिल्या. ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात गाडी करून येतो, आई. सामान काय जास्त नाही तुझं." त्या म्हणाल्या, "जाताना पाणी पिऊन जा."

मी हरकतीचा अर्ज दिला आणि सुनावणीच्या आधी एकदा कार्यालयात जाऊन आले. तिथल्या कारकुनाने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"सोपं आहे, बाई. ती मागची चूल काढून टाका. ओटा फोडा, भिंत सारवा. एक स्वयंपाकघर दिसलं की एक कुटुंब. आमचे निरीक्षक चुली मोजतात."

"आणि सासूबाईंनी स्वयंपाक कुठे करायचा?"

"तुमच्याच ओट्यावर. नाहीतर तीनशे रुपये खोली."

घरी येऊन हे मी सासूबाईंना त्यांच्या दाराबाहेरूनच सांगितलं, मान खाली घालून. त्या चुलीपुढे बसल्या होत्या. फुंकणी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "सुनावणी कधी आहे?"

"गुरुवारी अकराला."

"मी येते."

"आई, तिथे पायऱ्या आहेत, गर्दी असते."

"मी येते म्हणलं ना."

गुरुवारी मी अर्धी रजा घेतली. सासूबाई नऊवारी नेसून, काखेत कापडी पिशवी घेऊन निघाल्या. बोळाच्या तोंडाशी शेजारचे मास्टरसाहेब उभे होते, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. त्या त्यांना म्हणाल्या, "मास्तर, चला." ते निमूट सोबत निघाले, म्हणजे त्यांचं आधीच काहीतरी ठरलं होतं. मला कोणी सांगितलं नाही, आणि रिक्षात विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आमच्या आधी सात जण होते. प्रत्येकाला अधिकारी एकच गोष्ट समजावून सांगत होते. माझी वेळ आली तेव्हा ती मला पाठ झाली होती.

"तुम्ही भाडं घेता की नाही, हा प्रश्नच नाही. घर भाड्याने दिलं तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल, ते आम्ही धरतो. मालक राहत असेल तर कमी दर. दुसरा कोणी राहत असेल तर गल्लीतला चालू दर. तुमच्या मागे दुसरं कुटुंब आहे."

"त्या माझ्या सासूबाई आहेत."

"स्वतंत्र चूल, स्वतंत्र दार. हे तुम्हीच लिहिलंय." त्यांनी माझा फॉर्म माझ्याकडे वळवला. माझं अक्षर खरंच फार स्वच्छ होतं. "उद्या प्रत्येक जण भाडेकरूला मावशी म्हणेल. मला काही आधार द्या. नाहीतर मी हेच मूल्य कायम करतो. पुढे कोर्टात जा, पण आधी सगळी रक्कम भरून."

माझ्याकडे आधार नव्हता. त्या माझ्या सासूबाईच आहेत असं शेजाऱ्यांचं एक पत्र होतं, ते त्यांनी न उघडताच बाजूला ठेवलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

तेव्हा सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "साहेब, भाडेकरू कोण, ते मालकाला इचारायला पाहिजे."

"मालक तुमचे चिरंजीव आहेत, आजी. इथे नाव आहे."

"ते हिनं लिहिलं." त्यांनी पिशवीतून जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला कागद काढला. पिवळा, घड्यांवर फाटलेला, निजामाच्या काळापासूनच्या रिवाजाप्रमाणे सगळा उर्दूत. "पोलीस ॲक्शननंतर दुसऱ्या वर्षी घेतलेलं घर आहे. मला वाचता येत नाही. मास्तर, वाचा."

मास्टरसाहेबांनी चष्मा पुसला आणि एकेक शब्द वाचत गेले. विकणाऱ्याचं नाव, चारी बाजूंच्या हद्दी, रक्कम. मग थांबले आणि साहेबांकडे बघून म्हणाले, "साहब, खरीदनेवाली का नाम यहाँ है. अम्मां का. मियाँ का नाम तो सिर्फ शौहर करके लिखा है."

सासऱ्यांनी घर बायकोच्या नावाने घेतलं होतं. हे यांना माहीत नव्हतं, दिरांना नव्हतं, मला तर नाहीच. तीस-बत्तीस वर्षं तो कागद सासूबाईंच्या पेटीत होता.

अधिकाऱ्यांनी कारकुनाला जुन्या दफ्तरातली नोंदवही आणायला पाठवलं. तीही उर्दूत होती. कारकुनाला वाचता येईना, आणि मास्टरसाहेबांवर एकट्यावर विसंबायला अधिकारी तयार नव्हते, म्हणून खालच्या मजल्यावरून एका म्हाताऱ्या शिपायाला बोलावलं. तो येईपर्यंतचा पाऊण तास आम्ही त्या खोलीत बसून होतो. सासूबाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. मी हळूच विचारलं, "आई, आधी का नाही सांगितलं?"

"कुणी इचारलं?"

भिंतीवरची नजर न काढता त्या पुढे म्हणाल्या,

"फॉर्म वाचलास तेव्हा मी ऐकलं. 'मागील खोल्यांत सासूबाई राहतात.' मला वाटलं, हिला असंच वाटत असंल तर असू दे. पर चूल फोडायची म्हणलीस, तेव्हा म्हणलं, आता पेटी उघडावी."

शिपायाने नोंदवहीत बोट फिरवलं आणि तेच नाव वाचलं. हद्दीही जुळल्या. अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण परत लावलं, मग पुन्हा काढलं. "म्हणजे मागे मालकीण राहते, आणि पुढे मुलगा."

"व्हय," सासूबाई म्हणाल्या. "भाडं घ्यायचंच झालं तर हिच्याकडून घ्यायला पाहिजे मला. तिसऱ्या महिन्यातच थकवील ही."

कारकून हसला. अधिकारीही थोडे हसले. मी हसले नाही.

त्यांनी पाचही खोल्या मालकाच्या वापरात धरल्या. मुलगा मालकिणीच्या कुटुंबातला, म्हणून पुढच्या भागालाही तोच दर. मात्र निरीक्षकाने टिपलेली अंगणातली पत्र्याची पडवी त्यांनी सोडली नाही, तिचे महिना पन्नास लावले. साडेपाचशे महिना, सहा हजार सहाशे वर्षाचे, सहाशे साठ वजा, पाच हजार नऊशे चाळीस, कर चौदाशे पंच्याऐंशी. मागणीपत्र मिळाल्यापासून महिन्याच्या आत भरलं तर शेकडा पाच सूट होती. ती मी सोडली नाही. चौदाशे दहा रुपये पंच्याहत्तर पैसे भरले, हातातल्या दोन बांगड्या मोडून.

परभणीला मी स्वतः पत्र लिहिलं. 'आईंचं घर आहे, त्या इथेच राहतील.' दिरांचं उत्तर आलं नाही. दिवाळीला ते आले तेव्हा भाड्याचा विषय निघाला नाही.

सासूबाई आणि मी त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. मी माफी मागितली नाही, ते राहून गेलं. त्या आणखी अकरा वर्षं मागच्या खोल्यांत राहिल्या आणि तिथेच गेल्या. खरेदीखत आणि सुनावणीच्या निकालाची प्रत माझ्या लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात आहे. चूलही जागेवर आहे, भांडं टेकवायचा तिचा एक खूर तेवढा निखळला आहे.