नवव्या रांगेतली डी सीट

सोलापूरच्या विमानतळावर मी चेक-इनच्या काउंटरवर बसते, त्यालाही आता बरेच महिने झाले. त्या दिवशी दुपारच्या मुंबईच्या विमानाला पहिले आले ते मंगळवेढ्याकडचे एक नवराबायको. काकांचा डावा गुडघा ऑपरेशननंतर अर्धवटच वाकत होता. मुंबईच्या लेकीने ऑनलाइन नववी रांग, डी आणि एफ, अशा दोन सीटा निवडल्या होत्या. डीच्या डाव्या हाताला मधली वाट असते, म्हणजे काकांना पाय तिकडे तिरका सोडता येतो. लेकीने सगळा विचार केला होता.

"सीट तीच हाय न्हवं?" काकांनी विचारलं.

"तीच आहे, काका," म्हणत मी पास छापून हातात दिले. काकूंनी ते पिशवीत जपून ठेवले.

पंधरा मिनिटांनी मुंबईहून निरोप आला. ठरलेल्या विमानात बिघाड निघाला होता, त्याऐवजी दुसरं लहान विमान येणार होतं. प्रवासी सेहेचाळीस, सीटा पन्नास. जागा सगळ्यांना होती, पण ज्याची त्याला नव्हती. मोठ्या विमानात वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सीटा. या लहान विमानात डावीकडे ए ही एकटी सीट आणि उजवीकडे बी-सीची जोडी. डी आणि एफ नाहीतच. मागच्या काही रांगाही नाहीत. सिस्टीमने सगळ्यांना नव्या नकाशावर आपोआप बसवलं होतं. मी यादी उघडली. काका आठव्या रांगेत ए, काकू चौदाव्या रांगेत सी.

सिस्टीमच्या हिशेबाने चूक काही नव्हती. काकांना वाटेकडची सीट हवी होती, ए वाटेकडचीच. पण तिथे वाट उजव्या हाताला आणि दुखरा पाय भिंतीकडे. कुठला गुडघा वाकत नाही हे सिस्टीमला कोणी सांगितलंच नव्हतं.

पास परत मागायला मी त्यांच्याजवळ गेले.

"विमान बदललंय काका. ती सीट या विमानात नाही."

"न्हाय म्हंजे? आत्ताच दिलीसा की."

मी माफ करा म्हणाले. काकू एकदा माझ्याकडे, एकदा पासाकडे बघत होत्या. "आमी शेजारीच न्हवं?" त्यांनी विचारलं. "बघते," मी म्हटलं.

डाव्या हाताला वाट म्हणजे बी सीट हवी. बी सगळ्या भरलेल्या. रिकाम्या चार सीटांतल्या दोन आपत्कालीन दरवाजापाशी होत्या, तिथे पाय अडलेल्या माणसाला बसवता येत नाही. बाकीच्या दोन ए होत्या, त्याही अगदी मागच्या. तोवर काउंटरवर रांग लागली. प्रत्येकाची सीट बदललेली, प्रत्येकाला कारण हवं. मी तेच तेच सांगत होते आणि नजर घड्याळावर जात होती.

सातव्या रांगेतल्या बीवर औषध कंपनीचा एक माणूस होता. तो माझ्यावर आधीच भडकलेला. "जादा पैसे भरून खिडकी घेतली होती मी!"

"ते पैसे परत मिळतील, सर. पण आठव्या रांगेतली ए घ्याल? खिडकीही आहे आणि शेजारी कुणी नाही."

त्याने काकांच्या पायाकडे पाहिलं. "आधी सांगायचं ना," एवढं बोलून त्याने पास पुढे केला. काकांची सोय झाली.

काकूंची झाली नाही. काकांच्या शेजारच्या सी सीटवरच्या बाईंच्या मानेला पट्टा होता, त्या मागे कुठेच जायला तयार नव्हत्या. आणखी कुणाला विचारायचं तर काउंटर बंद करायची वेळ झाली होती. यादी पक्की होऊन विमानाच्या वजनाचा कागद त्यावरून बनतो, मग सीटांची अदलाबदल करता येत नाही.

"मला काय," काकू म्हणाल्या, "डोळं मिटून बसते." पण काकांची बाही त्यांनी सोडली नव्हती. दोघंही पहिल्यांदाच विमानात बसत होते. सुरक्षा तपासणीला बायकांची रांग वेगळी, तिथे ती बाही सुटली.

विमान उडालं तरी मला चैन पडेना. डबा उघडला, दोन घास खाऊन बंद केला. मी पास एवढ्या लवकर छापले नसते तर? तरी विमान बदललंच असतं. पण मग "तीच आहे" असं मी म्हणाले नसते.

चार दिवसांनी लेकीची तक्रार आली. वडील ठीक पोहोचले, पण आई मागे एकटी बसून पूर्ण वेळ रडली. सीट पक्की म्हणून सांगणारी मुलगी कोण?

वरिष्ठ म्हणाले, ठरलेलं उत्तर पाठवून दे. मी तेही पाठवलं: विमान बदललं, सीटांची रचना वेगळी होती. मग त्याखाली स्वतःहून दोन ओळी लिहिल्या. ती मुलगी मी आहे. आईंना शेजारी बसवायला मला जमलं नाही, वाईट वाटतं.

त्यावर उत्तर आलं नाही. विमान येईपर्यंत सीट बदलू शकते, असं मी आता पास देतानाच सांगते. लोकांना ते आवडत नाही.