निळ्या टाकीची ओळ

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात तिसऱ्या खुर्चीवर बसलेल्या बाईंनी पहिला फोन संपवून हेडफोन गळ्यात घेतला होता. समोर दोन पडदे. डावीकडे फोनची नोंद, उजवीकडे खुणांची फाईल. खोलीतले सगळे त्यांना ताई म्हणतात. पाठीमागे ‘फाईलवाली ताई’ म्हणतात, हे त्यांनाही ठाऊक आहे.

ही फाईल त्यांनीच सुरू केली. त्याआधी एका कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर त्या अठरा वर्षं होत्या. बोर्ड बंद झाला आणि त्या इथे आल्या. पहिल्याच महिन्यात त्यांच्या लक्षात आलं की माणूस घाबरला की घर क्रमांक सांगत नाही, खूण सांगतो. मोडकं थिएटर, दोन दवाखान्यांच्या मधली गल्ली, पिवळा जिना. नकाशात यातलं काहीच नसतं. म्हणून खूण, विभाग, आत शिरायचा रस्ता आणि शेवटी गेट कसं आहे ते, असं त्या लिहू लागल्या. प्रत्येक ओळीत गेट असतंच. गेट अरुंद असेल तर गाडी बाहेर ठेवून स्ट्रेचर चालवत न्यावं लागतं. आज त्या फाईलीत दीड हजारांवर ओळी आहेत. कक्षातले सगळे त्यात लिहितात, प्रत्येक जण आपापल्या नावाने. चालकांना ती गाडीतल्या टॅबवर फक्त वाचता येते.

घरी नवरा विचारतो, “त्या फाईलीत आपलं घर आहे का गं?”

“आहे. भिंतीला टेकून बसलेला म्हातारा, ही खूण.”

“आणि गेट?”

“कुरकुरतं. त्याच्या गुडघ्यांसारखं.”

त्या सकाळी सव्वासहाच्या सुमाराला मामा आत आले. मामा म्हणजे चार नंबरच्या गाडीचे चालक, साठीला दोन वर्षं कमी. नऊ दिवसांपासून ते निलंबित होते. अंगात गणवेश नव्हता. हातात कापडी पिशवी होती, कपाट रिकामं करायला आले होते.

“आज अकराला सुनावणी,” ते म्हणाले. “मग पुन्हा यायला नको म्हणून आत्ताच सामान नेतो.”

“असं का बोलता, मामा?”

“मग कसं बोलू? गेल्या आठवड्यात मंगळवारी फोन आला, बाईला दम लागलाय, निळ्या टाकीजवळ. मी टॅब बघितला, गाडी काढली. टाकीपाशी पोचलो तर तिथे कुत्रंसुद्धा नाही. नवरा बिचारा दुसऱ्या टाकीखाली रस्त्याकडे डोळे लावून उभा. आपण पोचेपर्यंत ती गेली.” त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. “आणि आता मला विचारतात, टॅबवर दोन टाक्या दिसत असताना फोन करून खात्री का नाही केली?”

कक्षाचा नियम तसाच आहे. एका नावाच्या दोन खुणा दिसल्या, तर चालकाने गाडी हलवण्याआधी फोन करणाऱ्याला विचारायचं. चौकशी अधिकाऱ्याने घटनेच्या दुसऱ्या दिवशी फाईलीचं पान छापून घेतलं होतं. त्यावर निळ्या टाक्या दोन होत्या, एक शाळेमागची, एक गोदामांकडची. ताईंनाही विचारलं गेलं. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, “दोन्ही ओळी माझ्या हातच्या आहेत. फाईल सुरू झाली तेव्हापासूनच्या.”

“तुम्ही माझ्या विरुद्ध बोललात त्याचा राग नाही,” मामा म्हणाले. “पण टॅबवर एकच होती, ताई. माझे डोळे अजून शाबूत आहेत. तुमच्यासारखी अक्षरं बैलाएवढी करावी लागत नाहीत मला.”

ते कपाटाकडे गेले. ताईंनी उजव्या पडद्यावर निळी टाकी शोधली. ओळी दोन. शाळेमागची त्यांचीच होती. दुसरीत लिहिलं होतं: गोदामांकडची, मुख्य रस्त्याने सरळ. पुढे काही नाही. गेट नाही.

त्यांनी लिहिलेल्या ओळीत गेट होतं. पत्र्याचं, एकाच बाजूने उघडणारं. ते त्यांनी स्वतः जाऊन पाहिलं होतं.

फाईलीत जुन्या आवृत्त्या उघडण्याची सोय आहे. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता काय बदललं ते तिथे राहतं. पुसलेलं पुसलेलं दिसतं, घातलेलं रंगात दिसतं. ताईंना ते वापरायची वेळ वर्षातून एखाददा यायची. त्यांनी आवृत्त्यांची यादी उघडली आणि मंगळवारवर आल्या. फोन आला होता सकाळी दहा चाळीसला. दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी गोदामांकडची ओळ नव्याने घातलेली होती. घालणाऱ्याचं नाव कक्षप्रमुखांचं. सकाळच्या आवृत्तीत निळी टाकी एकच.

मामा खरं बोलत होते.

मग ती ओळ गेली कधी? ताई एकेक आवृत्ती मागे गेल्या. मध्ये दोन फोन आले, ते घेतले, गाड्या पाठवल्या, पुन्हा मागे गेल्या. त्याआधीच्या शुक्रवारी दुपारी ओळ पुसलेली सापडली. पुसणाऱ्याच्या जागी त्यांचं स्वतःचं नाव होतं.

त्यांना तो शुक्रवार आठवला. फाईल जड झाली, टॅबवर उघडायला वेळ लागतो, अशी चालकांची ओरड होती. प्रमुख म्हणाले, सारख्या ओळी एकत्र करा, संध्याकाळपर्यंत संपवा. ताईंनी खुणेच्या नावाने फाईल लावून घेतली आणि एकामागून एक जोड्या उरकल्या. मजकूर जास्त असलेली ओळ ठेवायची, दुसरी काढायची. डोळ्यांचा नंबर वाढला होता, नवा चष्मा पुढच्या पगारावर ढकलला होता. म्हणून अक्षरं मोठी केली होती. अक्षरं मोठी केली की विभागाचा रकाना पडद्याच्या उजवीकडे बाहेर जातो. निळी टाकी, निळी टाकी. विभाग न बघता त्यांनी एक काढून टाकली.

प्रमुख आठ वाजता आले. ताईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. नवे होते तेव्हा फोन कसा घ्यायचा हे त्यांना ताईंनीच शिकवलं होतं. ताई त्यांच्या काचेच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

“गोदामाची ओळ तू घातलीस मंगळवारी.”

त्यांनी पेन हातात घेतलं. “घातली. पुन्हा तसं होऊ नये म्हणून घातली. तेवढं तरी करायला नको?”

“आणि दुसऱ्या दिवशी पान छापलं तेव्हा?”

“तेव्हा मला कोणी विचारलं नाही.”

“मला विचारलं. मी मामांना खोटं पाडलं.”

“ताई, मी आवृत्त्या बघितल्यात. कोणी पुसली ते मला ठाऊक आहे.” त्यांनी आवाज खाली आणला. “तुमची तीन वर्षं राहिली. मामांची दोन. त्यांचा मुलगा कमावता आहे. तुमच्याकडे तुमचे मिस्टर घरी बसून आहेत. मी तुमचाच विचार केला.”

“आणि काम संध्याकाळपर्यंत संपवा असं कोण म्हणालं होतं, त्याचा नाही केलास?”

प्रमुखांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी तोडगा सांगितला. फाईल ताईंच्या नावावर आहे. त्यांनी तिची प्रत काढायची, सगळ्यांना ती प्रत द्यायची आणि जुनी कचऱ्यात टाकायची. प्रतीत आजच्या सगळ्या ओळी येतात, जुन्या आवृत्त्या येत नाहीत. जुनी फाईल महिनाभराने आपोआप जाते. “कोणाचं काही बिघडत नाही. फाईल हलकीसुद्धा होईल.”

“मामांचं बिघडतं.”

“त्यांचं बिघडून झालंय, ताई.”

ताई उठल्या. प्रमुख मागून म्हणाले, “निदान चहा तरी घेऊन जा.” त्या थांबल्या नाहीत.

सुनावणीच्या आधी त्यांनी एकच काम केलं. ओळी उरकल्या त्याच्या आदल्या दिवशीची आवृत्ती उघडली. ती जशीच्या तशी परत आणणं एका बटणाचं काम होतं, पण तसं केलं असतं तर त्यानंतर सगळ्यांनी घातलेले खोदकामाचे, बंद रस्त्यांचे बदल चालू फाईलीतून गेले असते. म्हणून त्यांनी जुन्या आवृत्तीची वेगळी प्रत काढली, अक्षरं लहान केली, डोळे पडद्याजवळ नेले आणि शुक्रवारची प्रत्येक जोडी विभागासकट तपासली. बाकीच्या ठीक होत्या. आणखी दोन चुकलेल्या निघाल्या. पिवळा जिना दोन ठिकाणी होता, लाकडाची वखारही दोन ठिकाणी. तेवढ्याच ओळी उचलून त्यांनी चालू फाईलीत परत घातल्या, गोदामाच्या ओळीत पत्र्याचं गेट लिहिलं. त्या दोन खुणांवरून मधल्या दिवसांत फोन आला नव्हता. हे त्यांनी नोंदींत दोनदा पाहिलं.

अकरा वाजता चौकशी अधिकारी, प्रमुख, मामा आणि ताई एका टेबलाभोवती बसले. ताईंनी लॅपटॉप अधिकाऱ्याकडे वळवला.

“ही मंगळवारी सकाळची फाईल. टाकी एकच आहे. मामांना दोन दिसणं शक्यच नव्हतं. ही दुपारची, दुसरी ओळ नंतर घातलेली. आणि ही आधीच्या शुक्रवारची. ओळ मी काढली.”

अधिकाऱ्याने चष्मा वर केला. “तुम्ही?”

“नाव लिहिलंय तिथे.”

“पण जबानीत तर तुम्ही म्हणालात—”

“चुकीचं बोलले. तेव्हा बघितलं नव्हतं.”

अधिकाऱ्याने प्रमुखांकडे पाहिलं. प्रमुख टेबलाकडे पाहत होते. “दुपारची ओळ तुमची?” “हो.” “कळवली का नाहीत?” त्याला उत्तर आलं नाही. ते कागदावर तसंच लिहिलं गेलं.

मामांचं निलंबन तिथेच उठलं. प्रमुखांना कारणे दाखवा नोटीस निघाली. ताईंवर वेगळी चौकशी बसली. ती होईपर्यंत फोन घ्यायचे, फाईलीला हात लावायचा नाही, असा आदेश झाला. मेलेल्या बाईच्या नवऱ्याला काय कळवायचं हा विषय निघाला, तेव्हा अधिकारी म्हणाले, ते मुख्यालय बघेल.

बाहेर जिन्यात मामा पिशवी घेऊन उभे होते.

“ताई.”

“बोला.”

“काय बोलू? नऊ दिवस घरात सून माझ्याकडे बघत नव्हती. तिला वाटत होतं, बाई माझ्यामुळे गेली.” त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “आता तुमच्या घरी कोण बघणार नाही, ते बघा.”

यात टोमणा किती आणि कळवळा किती, ते ताईंना कळलं नाही. मामा कपाट पुन्हा भरायला आत गेले.

दुपारी मुख्यालयातून एक माणूस आला. ताईंनी फाईल त्याच्या नावावर केली. त्याने लगेच त्यांचा अधिकार बदलला. ताईंनी ओळीवर बोट नेलं, काही लिहिता आलं नाही. आवृत्त्यांची यादीही आता उघडत नव्हती. ज्याला नुसतं वाचायचा अधिकार आहे, त्याला ती दिसत नाही.

“एक सांगायचंय,” त्या म्हणाल्या. “पिठाच्या गिरणीच्या ओळीत गेट बदललंय. आता लोखंडी आहे.”

“लेखी द्या,” तो म्हणाला. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

भिंतीवरच्या तक्त्यात उद्याची पाळी लागलेली आहे. तिसरी खुर्ची, सकाळी सहा ते दोन, ताई. कामाच्या रकान्यात लिहिलंय: फक्त फोन. चार नंबरच्या गाडीवर मामा.