पंचेचाळीस अंश

सुकरी भोये साखरशेतजवळच्या पाड्यावरची. जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या रस्त्यावरच्या आश्रमशाळेत ती पहिलीपासून शिकली, डी.एड. करून त्याच शाळेत शिक्षिका झाली आणि अकरा वर्षं सातवीला विज्ञान शिकवत राहिली. तिचा फळा बघण्यासारखा असे. आरसा, आपाती किरण, परावर्तित किरण, मधली तुटक स्तंभिका, सगळं ती पट्टी न लावता काढायची आणि रेघ केसभरही हलायची नाही. मुलं ती आकृती वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत तशीच्या तशी काढत. शाळेत विज्ञान म्हटलं की भोये बाई, असं सगळे धरूनच चालले होते.

दोन हजार दोनच्या जुलैत नाशिकहून हर्षदा बाई आल्या. वय तेवीस, बी.एस्सी. झालेल्या. मुख्याध्यापकांनी सातवीचं विज्ञान त्यांना दिलं आणि सुकरीला सहावी.

"तुम्हालाही जरा आराम, बाई," ते म्हणाले.

सुकरी "बरं सर" म्हणाली. त्या रात्रीचं जेवण मात्र तिला गेलं नाही.

प्रकाशाचा धडा आला तेव्हा हर्षदाने बाजारातून सहा छोटे आरसे आणले. बॅटरीच्या काचेवर काळा कागद चिकटवला आणि त्याला ब्लेडने एक उभी चीर पाडली. वसतिगृहातली कांबळी खिडक्यांवर टांगून तिने वर्गात अंधार केला. टेबलावर पांढरा कागद, त्यावर मातीच्या गोळ्यात उभा केलेला आरसा. बॅटरी लावली की कागदावर प्रकाशाची एक बारीक रेघ उमटायची, आरशाला टेकायची आणि दुसरीकडे वळून निघायची. नंतर तिने मुलांच्या हातात आरसे दिले. एकाने दुसऱ्याच्या आरशावर उजेड पाठवायचा, त्याने तिसऱ्याच्या. शेवटचा उजेडाचा ठिपका दाराच्या फटीतून पडवीत आला आणि शेजारच्या सहावीच्या भिंतीवर नाचायला लागला.

सुकरी तेव्हा बियांचे प्रकार सांगत होती. तिचा सगळा वर्ग त्या ठिपक्याकडे बघत होता. ती जाऊन दार लावून आली.

मधल्या सुट्टीत फागी भेटली. सातवीतली ही मुलगी पहिलीत आली तेव्हा तिला शाळेची मराठी येत नव्हती. सुकरीने तिला घरच्या बोलीतून एकेक शब्द शिकवला होता.

"बाई, आज खरा किरण बघला," फागी म्हणाली. "तुम्ही सातवीच्या पोरांना कधी बॅटरी नाही दाखवली ना?"

"वाचलं की कळतं. बॅटरी कशाला लागते?"

फागी हसून पळाली. सुकरीला ते हसू दिवसभर बोचत राहिलं. या मुलीला बोलायला शिकवलं कोणी आणि ती गुण गाते कोणाचे, हेच तिच्या मनात फिरत होतं.

चार दिवसांनी हर्षदा एक गठ्ठा घेऊन तिच्याकडे आली. किरणाकृतीची कृतिपत्रिका तिने हाताने लिहून जव्हारहून झेरॉक्स करून आणली होती आणि मुलांकडून सोडवून घेतली होती.

"बाई, उद्या मला प्रशिक्षणाला जायचंय आणि परवा शाळेची तपासणी आहे. एवढ्या नजरेखालून घालाल का? तुमच्याइतकं कोणाला कळणार?"

ते शेवटचं वाक्य खरं होतं की गोड बोलणं, ते सुकरीला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लाल पेन घेऊन बसली. पहिला प्रश्न, आपतन कोन पंचेचाळीस अंश, परावर्तित किरण काढा. सगळ्यांचा बरोबर. दुसरा प्रश्न, किरण आरशाशी तीस अंशांचा कोन करतो, तर आपतन कोन किती? एकेचाळीसपैकी अडतीस मुलांनी तीस लिहिलं होतं. उत्तर साठ हवं होतं. कोन आरशापासून मोजायचा नसतो, आरशाला काटकोनात असलेल्या स्तंभिकेपासून मोजायचा असतो.

हे झालं कसं, ते तिला लगेच कळलं. हर्षदाने टेबलावर बॅटरीसाठी एकच रेघ आखून ठेवलेली तिने पाहिली होती, पंचेचाळीस अंशांची. तिथे आरशापासून मोजा की स्तंभिकेपासून, उत्तर एकच येतं. चूक दिसणार तरी कशी?

सुकरीला आनंद झाला. इतका, की ती उठून माठातलं पाणी प्यायली आणि परत बसून तिने तो गठ्ठा पुन्हा चाळला. अकरा वर्षांत तिच्या एकाही मुलाने ही चूक केली नव्हती. पेनाला टोपण लावून तिने कागद होते तसेच बांधून ठेवले.

संध्याकाळी हर्षदा परत आली. "कशा आहेत?"

"चांगल्या आहेत," सुकरी म्हणाली.

तपासणीला आलेले साहेब सातवीत गेले. सुकरीही बाकीच्या शिक्षकांबरोबर मागे उभी राहिली. प्रयोग बघून साहेब खूश झाले आणि त्यांनी फागीला उभं केलं.

"किरण आरशाशी वीस अंश करतो. आपतन कोन किती?"

"वीस," फागी ठणठणीत म्हणाली.

"कोणाचं उत्तर वेगळं आहे?"

एकही हात वर आला नाही. हर्षदाचा चेहरा उतरला. याच क्षणाची सुकरी कालपासून वाट बघत होती. पण साहेब हर्षदाकडे वळलेच नाहीत. मुख्याध्यापकांना म्हणाले, "पाड्यावरची पोरं आहेत. आरशाचा खेळ ठीक आहे, कोन वगैरे यांच्या डोक्यावरून जाणार."

फागी खाली बसली नाही. आपलं काय चुकलं, हे न कळून ती सुकरीकडे बघत राहिली.

सुकरी पुढे आली. "साहेब, पोरांचं डोकं चांगलं आहे. पाच मिनिटं द्या."

तिने आरशाच्या पायापासून काटकोनात खडूची रेघ ओढली, फागीच्या हातात बॅटरी दिली आणि तिच्याशी घरच्या बोलीत बोलायला लागली. या रेघेवरूनच उजेड सोड. फागीने सोडला. उजेड आला त्याच वाटेने परत गेला. किती वळला? नाहीच वळला, फागी म्हणाली. मग कोन किती? शून्य. आणि आरशापासून मोजलास तर? फागीने कोनमापक लावला. नव्वद. ती थांबली.

"मग या खडूच्या रेघेपासूनच मोजायचा," ती हळूच म्हणाली.

सुकरीने बॅटरी सरकवत सरकवत आरशाजवळ आणली. परावर्तित किरण दुसऱ्या बाजूने तेवढाच आरशाकडे झुकत गेला. आरशाशी वीस झाले तेव्हा मागून तीनचार मुलं एकदम बोलली, "सत्तर."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या वर्गात गेले.

शाळा सुटल्यावर हर्षदाने गठ्ठा सोडला. एकाही कागदावर लाल खूण नव्हती.

"तुम्ही बघितल्या होत्या ना?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

सुकरीला सबबी पुष्कळ सुचल्या. "तुझा पाय घसरावा असं वाटत होतं," ती म्हणाली. "पोरांचा घसरेल, हे ध्यानात आलं नाही."

हर्षदा गठ्ठा उचलून निघून गेली. पुढचे आठ दिवस ती सुकरीशी कामापुरतंच बोलली, आणि सुकरीनेही माफी मागितली नाही. ते तिला जमलं नाही.

नवव्या दिवशी हर्षदाने एक कोरा कागद तिच्या टेबलावर ठेवला. "नवी कृतिपत्रिका करायची आहे. आकृत्या तुम्ही काढा. माझी रेघ सरळ येत नाही."

सुकरीने सहा आकृत्या काढल्या. वीस, पस्तीस, पन्नास, सत्तर, एक सरळ स्तंभिकेवरून येणारा किरण, आणि एकात नुसता परावर्तित किरण देऊन आपाती किरण मुलांनी शोधायचा. पंचेचाळीस कुठेच नव्हतं. हर्षदाने खाली प्रश्न लिहिले. सोमवारी मुलांनी कृतिपत्रिका सोडवली. दोघींनी अर्ध्या-अर्ध्या तपासल्या. पाच मुलं चुकली, त्यांना पुन्हा बॅटरीपाशी बसवलं.

त्याच दुपारी फागी पडवीत मैत्रिणीला सांगत होती, "हर्षदा बाईंचा पेपर मला सगळा आला." सुकरीने ते ऐकलं. पुन्हा आत काहीतरी टोचलं. ती क्षणभर थांबली आणि मग सहावीच्या वर्गात गेली.